एकोणीस पानांचा सारांश

किलोमीटरचा तिसरा दगड मागे पडला तेव्हा प्रतिभाच्या उजव्या चपलेचा अंगठा निखळला. मग ती एक पाय घासत चालायला लागली. तिच्या पुढे दहा पावलांवर नागनाथभाऊ चालले होते, डोक्यावर रुमाल, एका खांद्याला प्रस्तावाच्या तीन प्रतींची पिशवी आणि दुसऱ्या हातात सोयाबीनच्या दोन पुड्या, एक चाळलेल्या मालाची, एक बिनचाळलेल्या. सकाळी इचोड्याहून निघालेली बस गुडिहत्नूरच्या पुढे उलटलेल्या ट्रकमागे अडकली होती. कंडक्टरने हात वर केले, ऑटोवाले तर आधीच गायब. मावला अजून दोन-अडीच किलोमीटर होतं. घड्याळात साडेनऊ वाजून गेले होते आणि मावल्याच्या ऑफिसात प्रस्तावावर निर्णय घेणाऱ्या यामिनी मॅडम बारापर्यंतच बसणार होत्या. नंतर त्या नागपूरला निघणार.

"ताई, चप्पल हातात घ्या. माणूस अनवाणी बी चालते," नागनाथभाऊ मागे न बघता म्हणाले.

"मॅडमपुढे अनवाणी जाऊ का?"

"मॅडम पायाकडं पाह्यत नाई. कागदाकडं बी कमीच पाह्यते."

इचोड्याचं केंद्र म्हणजे शेतकऱ्यांकडून सोयाबीन घेऊन मावल्याच्या तेल कारखान्याला पाठवायचं ठिकाण. अकरा माणसं. वजनकाट्यावरचे दोघे, पाच हमाल, माल निवडणाऱ्या दोघी, अटेंडर नागनाथ, आणि कॉम्प्युटरवर प्रतिभा. मालात माती आणि ओल फार निघते, कारखाना दर कापतो, म्हणून हे केंद्र दसऱ्याला बंद करावं असं नागपूरच्या ऑफिसात ठरत आलं होतं. केंद्राचे प्रमुख भूषण सर यांनी त्यावर उतारा काढला होता. केंद्रातच माल साफ करून प्रतवारी करायचं यंत्र बसवायचं. तसा सत्तावन्न पानांचा प्रस्ताव त्यांनी लिहिला आणि लिहून होताच त्यांना कावीळ झाली. दवाखान्यातून त्यांचा फोन आला. "प्रतिभाताई, मॅडम सगळं वाचणार नाहीत. एक एक्झिक्युटिव्ह समरी लिहून वर लावा. सारांश."

प्रतिभाने विचारलं, "किती मोठा, सर?"

"नेहमीसारखा," सर म्हणाले आणि त्यांना सलाइन लावायला नर्स आली.

आता नेहमीसारखा म्हणजे कसा? प्रतिभा दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. तिथे सारांशलेखनाला पाच गुण असत आणि नियम पक्का असे. मूळ उताऱ्याच्या एक-तृतीयांश. त्यापेक्षा जास्त झालं तर एक गुण कापला, कमी झालं तरी एक गुण कापला. प्रतिभाचा कधी अर्धा गुणसुद्धा कापला गेला नव्हता. सत्तावन्नाला तिनाने भागलं की एकोणीस येतात, बाकी शून्य. ही बाकी शून्य आली तेव्हा तिला फार समाधान वाटलं होतं. देवघरातल्या गजानन महाराजांच्या फोटोला हात जोडून तिने चार दिवस बसून एकोणीस पानं लिहिली. आधी मराठीत वहीत, मग शब्दकोश उशाशी घेऊन इंग्रजीत. प्रत्येक प्रकरणातलं थोडं थोडं घेतलं, कोणावर अन्याय नको म्हणून. एकोणिसाव्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत मजकूर आला तेव्हा तिने स्वतःच्या पाठीवर मनातल्या मनात थाप मारली होती.

ती थाप नागनाथभाऊंना माहीत नव्हती. म्हणून त्यांनी रस्त्यात अगदी सहज विचारलं, "ते हिरव्या फाइलीत काय हाये हो ताई? येवढं जाड?"

"सारांश."

ते थांबले. पहिल्यांदा मागे वळले. "कायचा?"

"प्रस्तावाचा. मॅडमना वाचायला वेळ नसतो ना, म्हणून."

"किती पानं?"

"एकोणीस," प्रतिभा म्हणाली. तोंडातून आकडा बाहेर पडला आणि तिचा तिलाच तो मोठा ऐकू आला.

नागनाथभाऊ हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "ताई, म्या बावीस वर्सं साहेबांच्या केबिनीभायेर बसलो. पाच साहेब पाह्यले. एकोणीस पानं वाचणारा एक बी नव्हता."

त्यांचं ते बसणं कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. नागनाथचे वडील इचोड्याजवळच्या एका गावात सालगडी होते. दुसऱ्याच्या वावरात वर्षाच्या करारावर राबणारे. मुलगा सातवी झाला तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं, "तू सावलीतलं काम धर." नागनाथने मावल्याच्या कारखान्यात आधी पोती उचलली. एक दिवस साहेबांच्या हातातली फाइल वाऱ्याने उघडून कागद आवारभर उडाले. सगळे हमाल पळून पळून गोळा करत होते. नागनाथने कागद गोळाही केले आणि पानांचे नंबर पाहून लावूनही दिले. साहेब म्हणाले, "ह्याला आत घ्या." तेव्हापासून फाइल आत न्यायची, बाहेर आणायची, चहा आत न्यायचा, ग्लास बाहेर आणायचा. बावीस वर्षं असं झाल्यावर त्यांना इचोड्याच्या केंद्रावर पाठवलं. त्यांच्या लेकीला, प्रीतीला, त्या पगारावर त्यांनी डी.एड. केलं. ती आता मराठी शाळेत गुरुजीण आहे. चौदा महिने राहिले होते निवृत्तीला. केंद्र बंद झालं तर त्यांना नागपूरला बदली, नाहीतर घरी. चंद्रभागाबाईंना, म्हणजे त्यांच्या घरवालीला, गुडघ्याने नागपूर जमण्यासारखं नव्हतं. पण हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. प्रतिभाला हे चंद्रभागाबाईंकडूनच कळलं होतं.

"तुमी फाइल वाचत नव्हते. मग तुमाले कसं कळे साहेब किती वाचते ते?" प्रतिभाने जरा चिडूनच विचारलं. एकोणीस पानांचा राग कोणावर तरी काढायला हवा होता.

"चहावरून."

"म्हणजे?"

"चहा नेला की साहेब फाइल उघडे. चहा पिण्याजोगा होईपर्यंत वाचे. ग्लास खाली झाला की फाइल बंद. म्या ग्लास उचलाले जाऊ तं बोट कोणत्या पानावर हाये ते दिसे. जास्तीत जास्त दुसरं पान. आन एक सांगतो, शिंदे साहेब होते ना, ते पयले शेवटचं पान पाहात. रकम पाहाले. तिथं रकम नसन तं चहा ठेवून देत."

प्रतिभाने रस्त्याच्या कडेला उभं राहून हिरवी फाइल उघडली. पहिलं पान, पहिली ओळ. आदिलाबाद जिल्हा हा कापूस व सोयाबीन यांसाठी सुप्रसिद्ध आहे. हे ती यामिनी मॅडमना सांगणार होती, ज्या दर आठवड्याला आदिलाबादचं सोयाबीन विकत घेत होत्या. एकूण रकमेचा तक्ता कुठे होता? सोळाव्या पानावर.

"महाराज," ती मनात म्हणाली, "चार दिवस तुमच्यापुढेच बसून लिहिलं. खोकला तरी काढायचा एखादा."

"चाला," नागनाथभाऊंनी पिशवी उचलली. "चालता चालता सांगा मले. ते टायरवाल्याचं दुकान दिसते? तिथून त्या लिंबाच्या झाडापर्यंत. म्या मॅडम हाये. सांगा काय पायजे तुमाले."

टायरचं दुकान आलं. प्रतिभाने पदर खोचला आणि सुरू केलं. "मॅडम, इचोडा केंद्राची स्थापना एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली…"

लिंबाच्या झाडापाशी दोघं पोचली तेव्हा केंद्र दोन हजार चार साली होतं आणि वजनकाटा नवीन घेतला गेला होता.

"चहा संपला," नागनाथभाऊ म्हणाले.

"पण पार्श्वभूमी नको?"

"पार्श्वभूमी मॅडमले मालूम हाये. नसन तं मागं सत्तावन्न पानं हायेतच की. तुमाले काय पायजे?"

"यंत्र."

"मंग हे पयले काऊन नाई बोलून राह्यल्या?"

याला प्रतिभापाशी उत्तर होतं, पण ते सांगायला लाज वाटत होती. तिला मागायचं शेवटी असतं असं शिकवलेलं होतं. शाळेत अर्ज लिहायला शिकवला तोही असाच. आधी महोदय, मग कारण, मग अडचण, मग नम्रता, आणि सगळ्यात शेवटी विनंती. घरी माहेरी पाणी मागायचं तरी ती आधी दोन वाक्यं बोलायची. चव्वेचाळीस वर्षांची बाई, अकरा माणसांच्या पोटाचा कागद हातात, आणि मागण्याआधी प्रस्तावना करते.

पुढे एक चहाची टपरी होती. ती बाकावर बसली. नागनाथभाऊंनी दोन चहा सांगितले. प्रतिभाने वहीचं एक कोरं पान उघडलं आणि म्हणाली, "एकच पान. तुमी विचारा, मी लिहिते."

"पयले, मॅडमनं काय करावं?"

तिने लिहिलं: इचोडा केंद्र दसऱ्याला बंद करू नये. तिथे सफाई व प्रतवारीचं यंत्र बसवायला मंजुरी द्यावी.

"काऊन?"

तिने लिहिलं: माती आणि ओल यांमुळे कारखाना दर कापतो. वर्षाला पंधरा लाख. यंत्राने ते वाचतील.

"खर्च?"

तिने प्रस्तावाच्या नवव्या पानावरून अडतीस लाख लिहिलं. परतफेड अडीच वर्षांत. मग सवयीने, आकडा नीट उतरवला का हे पाहायला शेवटचा तक्ता काढला. चव्वेचाळिसाव्या पानावर एकूण एकेचाळीस लाख होते. तिने दोनदा पाहिलं. नवव्या पानावर भूषण सरांनी विजेचा ट्रान्सफॉर्मर धरलाच नव्हता. तो नंतर तक्त्यात आला. तीन लाख.

आपल्या एकोणीस पानांत तिने दोन्ही आकडे टाकले होते. चौथ्या पानावर अडतीस आणि सोळाव्यावर एकेचाळीस. इतक्या पानांत ते एकमेकांना दिसलेच नाहीत.

"एकेचाळीस लिहू का?" तिने विचारलं. "अडतीस बरं दिसते."

"शिंदे साहेबानं एका खरेदीवाल्याले असाच धरला होता. येका पानावर येक आकडा, दुसऱ्यावर दुसरा. मंग त्याची सगळीच फाइल खोटी झाली."

तिने एकेचाळीस लिहिलं. अडीच वर्षं खोडून पावणेतीन केली. शेजारी कंसात पान ४४ लिहिलं, म्हणजे ज्याला खात्री करायची त्याने तिथे जावं.

"आता कायचा धोका हाये ते," नागनाथभाऊ म्हणाले.

"ते कशाला? आपणच आपल्या पायावर…"

"साहेब लोक तेच विचारते. आपण नाई सांगितलं तं ते शोधते. आन शोधलेलं मोठं दिसते."

धोका सत्तेचाळिसाव्या पानावर होता, परिच्छेदाच्या पोटात. ट्रान्सफॉर्मरची परवानगी मिळायला चार महिनेही लागू शकतात. म्हणजे या हंगामाचं सोयाबीन येऊन जाईल आणि यंत्र बंद उभं राहील. प्रतिभाने हा परिच्छेद आपल्या सारांशात घेतलाच नव्हता. एकोणीस पानांत सगळ्यांना न्याय दिला, त्याला मात्र नाही. कारण तो वाचायलाच तिला नको वाटलं होतं. आता तिने परत सगळं चाळलं, आणि बावन्नाव्या पानावर बारीक अक्षरांत भूषण सरांनी लिहिलेला दुसरा पर्याय सापडला. पहिल्या हंगामापुरतं यंत्र भाड्याने घ्यायचं, जनरेटरवर चालवायचं. चार लाख. चाललं तर पुढच्या वर्षी विकत.

"हे तं सरांनीच लिहून ठेवलं होतं," ती म्हणाली. "बावन्नाव्या पानावर. तिथे कोण जाणार होतं?"

"तुमी बी नव्हत्या गेल्या."

"गेले होते. पण झोप येत होती हो."

मावल्यात झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटर होता. प्रतिभाने स्वतः टाइप केलं. इंग्रजी तिला छोट्या वाक्यांचंच येतं. कर्ता, क्रियापद, फुलस्टॉप. आणि शब्दकोश घरी राहिला होता. त्यामुळे पान आपोआप सोपं झालं. वर मागणी, मग कारण, खर्च आणि फायदा, धोका आणि त्याचा उपाय, आणि शेवटी कधीपर्यंत उत्तर हवं ते. सप्टेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत, कारण ऑक्टोबरात माल यायला लागतो. खाली अर्धा पाऊण इंच जागा उरली. ती भरायला तिचा हात शिवशिवत होता. जिल्ह्याबद्दल एक ओळ तरी. नागनाथभाऊंनी तिच्या हातून माउस काढून घेतला.

हिरवी फाइल तिने दुकानातच मागच्या कोऱ्या बाजूने वापरा म्हणून देऊन टाकली. ती दुकानदारीण म्हणाली, "अक्का, ह्याच्यावर लेकरं एबीसीडी काढतील." चार दिवसांच्या मेहनतीला गिऱ्हाईक मिळालं हेही काही कमी नव्हतं.

सव्वाअकराला दोघं ऑफिसात पोचली. प्रतिभाने चप्पल सुतळीने बांधली होती. आत यामिनी मॅडम फोनवर होत्या. केबिनबाहेर आता नागनाथभाऊंच्या जुन्या स्टुलावर मारोती बसत असे. नागनाथभाऊ त्याच्यापाशी गेले, काहीतरी पुटपुटले आणि दोघं चहाच्या कोपऱ्यात गेले.

प्रतिभाला आत बोलावणं आलं. मॅडम चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर, घड्याळाकडे बघत बोलणाऱ्या. "भूषण नाही का? बरं. काय आहे?"

प्रतिभाच्या तोंडात अठ्ठ्याण्णव सालापासूनचा इतिहास आला होता. तिने तो गिळला आणि एकच पान पुढे ठेवलं.

तेवढ्यात नागनाथभाऊ स्वतः ट्रे घेऊन आत आले. चहाचा ग्लास ठेवला. मॅडमनी सवयीने उचलला आणि लगेच परत ठेवला. "अरे, किती गरम आहे!"

"आताच उकळला, मॅडम," नागनाथभाऊ म्हणाले आणि सोयाबीनच्या दोन पुड्या उघडून टेबलावर ठेवून बाहेर गेले.

चहा थंड होईपर्यंत मॅडमना दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्यांनी पान वाचलं. पूर्ण. नजर एकदा वर गेली, परत खाली आली. मग पुडीतले दोन दाणे चिमटीत धरून बोटांनी चोळले, माती बोटाला लागली. "एकेचाळीस म्हणता तुम्ही. भूषणने फोनवर अडतीस सांगितलं होतं."

"ट्रान्सफॉर्मर धरून एकेचाळीस, मॅडम. पान चव्वेचाळीस."

मॅडमनी प्रस्ताव उघडला, थेट पान चव्वेचाळीस. मग बावन्न. तिथे जरा थांबल्या. प्रतिभा पदराच्या टोकाला गाठ मारत, सोडत, पुन्हा मारत होती आणि मनात फक्त महाराजांचं नाव होतं, पुढचं काहीच सुचत नव्हतं.

"यंत्र मी आज देऊ शकत नाही," मॅडम म्हणाल्या. प्रतिभाची गाठ घट्ट झाली. "पण हे भाड्याचं. चार लाख माझ्या अधिकारात आहेत. एक हंगाम चालवा. मार्चमध्ये आकडे दाखवा. तोपर्यंत बंद करायचं नाही, मी नागपूरला कळवते." त्यांनी पानावरच सही केली आणि चहाचा पहिला घोट घेतला. "कोणी लिहिलं हे? सोपं आहे. छोटी वाक्यं."

"मी, मॅडम," प्रतिभा म्हणाली. तिला मोठी येतच नाहीत हे सांगायची काही गरज नव्हती.

बाहेर नागनाथभाऊ जुन्या स्टुलावर बसले होते आणि मारोती उभा होता. प्रतिभाने नुसती मान हलवली. त्यांनी डोळे मिटून रुमाल तोंडाला लावला. मग फोन लावला. "चंद्रभागा, आपल्याले नागपूरले नाई जा लागत. हो. नाई, मार्चपर्यंत तं नक्की. तू गुडघ्याले तेल लाव."

परतीची बस पाऊण वाजता होती. स्टँडवर लिंबाखाली दोघं बसली. प्रतिभाचा भूषण सरांना फोन करून झाला होता. सरांनी शेवटी विचारलं होतं, "पण ताई, मी तर चार दिवसांपूर्वी सांगितलं होतं. मग आज रस्त्यात काय लिहीत होतात?" त्यावर तिने लाइन खराब असल्याचं सांगितलं. दिवसभरातलं एवढंच एक खोटं. संध्याकाळी दिव्यापुढे त्याची माफी मागायची असं तिने ठरवलं.

"ताई," नागनाथभाऊ थोड्या वेळाने म्हणाले, "माह्या रिटायरमेंटले ऑफिसात कागद वाचते ना, माणसाबद्दल. बावीस वर्सं इथं, तेरा वर्सं तिथं. मारोतीले म्हणलं होतं, त्यो म्हणते मॅडमकडून दोन ओळी टाइप करून घेऊ."

"मी लिहीन की. एका पानात छान बसवीन. आता येतं मला."

"तेच सांगून राह्यलो." त्यांनी समोरच्या रस्त्याकडे बघत रुमालाची घडी केली. "माह्यं एका पानात नका बसवू. प्रीतीले वाचाचं हाये, चंद्रभागेले ऐकाचं हाये, त्यांच्यापाशी टाइम हाये. माह्या बापापासून सुरू करा, आन एकोणीस पानं लिवा."